ऑपरेशननंतर अचानक धाप आणि धावती नाडी: ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देण्याआधी

प्रश्न: आईचं वय ६८. घरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन आज १६ दिवस झाले. वॉकर धरून संडासापर्यंत जाते, बाकी वेळ पलंगावरच. काल सकाळी संडासहून आल्यावर एकदम धाप लागली, घाम आला, छातीत धडधडायला लागलं. ऑक्सिमीटरवर नाडी ११८, ऑक्सिजन ९४. अर्ध्या तासात दम कमी झाला. जवळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि म्हणाले, अॅटॅक नाही, अशक्तपणा आणि गॅस आहे. आज बरी आहे, पण पडून असतानाही नाडी ११०च्या आसपास दिसते. शुक्रवारी टाके दाखवायला सर्जनकडे जायचंच आहे. तोपर्यंत थांबलं तर चालेल का?

उत्तर: नाही, थांबू नका. आईंना आजच, आत्ताच अशा हॉस्पिटलात न्या जिथे छातीचा सिटी अँजिओग्राम होतो आणि आयसीयू आहे. जिना उतरताना त्यांना चालवू नका, खुर्चीत बसवून खाली आणा. पुन्हा धाप लागली, चक्कर आली, हातपाय गार पडले किंवा शुद्ध हरपल्यासारखं वाटलं तर स्वतःच्या गाडीचा विचार सोडून १०८ला फोन करा. बाकीचं माझं उत्तर गाडी येईपर्यंत आणि वाटेत वाचा.

मला शंका आहे ती फुप्फुसात गेलेल्या रक्ताच्या गुठळीची. डॉक्टर तिला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात, बोलताना नुसतं पीई. ही गुठळी फुप्फुसात तयार होत नाही, बहुतेक वेळा ती पायात तयार होते. पोटरी आणि मांडीतल्या खोल शिरांमधलं रक्त वर हृदयाकडे जातं ते मुख्यतः स्नायूंच्या दाबाने. माणूस पलंगावर पडून राहिला की हा दाब थांबतो आणि शिरांच्या झडपांमागच्या कोपऱ्यांत रक्त रेंगाळतं. त्यात मोठं हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं की शरीर स्वतःहूनच रक्त लवकर गोठवण्याच्या तयारीत असतं, कारण त्याला जखम बंद करायची असते. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये मांडीची मोठी शीर पिळली जाते, ताणली जाते, ते तिसरं कारण. ही तिन्ही कारणं तुमच्या आईंच्या बाबतीत एकत्र आली आहेत.

शिरेत धरलेली गुठळी सुरुवातीला भुसभुशीत असते. उठताना, चालताना किंवा संडासला कुंथताना तिचा एखादा तुकडा सुटतो आणि पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूत आणि तिथून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. ‘संडासहून आल्यावर धाप लागली’ हे वाक्य मी या आजारात इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की पुढचा प्रश्न मी ऑपरेशनची तारीख हाच विचारतो.

नाडी का धावते ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. हृदयाचा उजवा कप्पा पातळ भिंतीचा असतो. त्याला कमी दाबाने रक्त ढकलायची सवय असते. पुढची वाट अचानक अडली की तो फुगतो, आणि प्रत्येक ठोक्यागणिक डाव्या बाजूला पोचणारं रक्त कमी होतं. शरीर ही तूट ठोक्यांची संख्या वाढवून भरून काढतं. म्हणून बीपी बराच वेळ छान दिसतं, १२०/८० सुद्धा दिसतं, आणि घरचे निर्धास्त होतात. ही भरपाई पुरेनाशी झाली की मात्र बीपी हळूहळू नाही, एकदम कोसळतं. पडून असताना ११० नाडी याचा अर्थ भरपाई अजून चालू आहे. दम गेला म्हणून ओझं उतरलं असं नाही.

मग अर्ध्या तासात बरं का वाटलं? अडकलेली गुठळी फुटून तिचे लहान तुकडे पुढच्या बारीक फांद्यांत सरकतात, थोडी वाट मोकळी होते, आणि फुप्फुसाचा उरलेला भाग काम अंगावर घेतो. पण जिथून तुकडा सुटला ती मूळ गुठळी बहुतेकदा पायातच असते. पहिला झटका सौम्य आणि दुसरा जीवघेणा, असा क्रम या आजारात नेहमीचा आहे. १९६०मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात बॅरिट आणि जॉर्डन यांनी केलेली एक छोटी चाचणी आम्हाला शिकताना सांगितली जाते. पीई झालेल्या ज्या १९ रुग्णांना रक्त पातळ करणारं औषध दिलं नव्हतं त्यांतले ५ जण पुन्हा गुठळी जाऊन दगावले आणि आणखी ५ जणांना ती पुन्हा गेली, पण ते वाचले. औषध मिळालेल्या १६ जणांत या आजाराने एकही मृत्यू झाला नाही. चाचणी आजच्या मापाने फार लहान होती, पण तिच्यानंतर औषध न देता वाट पाहण्याचं धाडस कुणी केलं नाही. ‘आज बरी आहे’ या तीन शब्दांवर मी विसंबत नाही ते म्हणूनच.

आता तारखेबद्दल. लोकांना वाटतं, धोका ऑपरेशनच्या दोन-तीन दिवसांत असतो, घरी आणलं की सुटलो. या आजारात तसं नसतं. ब्रिटनमधल्या मध्यमवयीन आणि त्याहून मोठ्या स्त्रियांच्या एका फार मोठ्या अभ्यासात, जो २००९मध्ये प्रसिद्ध झाला, ऑपरेशननंतर गुठळीचा धोका सर्वांत जास्त तिसऱ्या आठवड्यात दिसला आणि तो पुरता उतरायला १२ आठवड्यांहून जास्त लागले. तुमचा १६वा दिवस नेमका तिसऱ्या आठवड्यात पडतो. तेव्हा रुग्ण घरी असतो, नर्स नाडी लिहीत नसते, आणि दम लागला की पहिला संशय अशक्तपणावर जातो.

ईसीजी काढला हे चांगलंच झालं, पण त्याने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं ते पाहा. हार्ट अॅटॅकची मोठी खूण दिसत नाही, एवढंच त्याने सांगितलं. पीईमध्ये ईसीजीत बहुतेक वेळा फक्त वेगवान नाडी दिसते. उजव्या बाजूवर ताण आल्याच्या ज्या खास खुणा पुस्तकात असतात त्या पुष्कळ रुग्णांत नसतातच. छातीच्या एक्स-रेचंही तसंच, तो अनेकदा जवळजवळ स्वच्छ असतो. उलट रुग्णाला एवढी धाप आणि एक्स-रे मात्र साफ, ही विसंगतीच आमचा संशय वाढवते. ऑक्सिजनचा आकडा चांगला असला तरी पीई नाही असं म्हणता येत नाही. मोटरसायकलवरून पडून पायाला प्लॅस्टर घातलेला एक तिशीतला तरुण मला आठवतो. त्याचं ऑपरेशन झालेलं नव्हतं, नुसतं तीन आठवडे अंथरुणावर पडणं होतं. बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला, आणला तेव्हा ऑक्सिजन ९७, बीपी ठीक, नाडी १२४. घरच्यांना तो उपाशीपोटी उठल्यामुळे पडला असं वाटत होतं. सिटीत दोन्ही फुप्फुसांच्या मोठ्या धमन्यांत गुठळ्या होत्या. तरुण हृदय बरंच सोसतं, म्हणून आकडे देखणे होते, एक नाडी सोडून.

याची दुसरी बाजूही सांगतो. बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी ठोके कमी करणारी गोळी रोज चालू असेल तर पीई होऊनही नाडी फारशी वाढलेली दिसणार नाही, असं होऊ शकतं. अशा रुग्णात अचानक आलेली धाप हीच एकटी खूण पुरेशी धरायची. आईंना अशी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना आधी सांगा.

संशयाला आम्ही आकडाही देतो, वेल्स नावाचा गुणांक. नाडी १००च्या वर असेल तर दीड गुण, गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन किंवा तीन दिवसांहून जास्त अंथरूण असेल तर दीड, आणि पीईपेक्षा जास्त पटणारं दुसरं कारण दिसत नसेल तर तीन. आईंचे सहा झाले. चारच्या वर गेलं की सरळ सिटी अँजिओग्राम करायचा असा नियम आहे. इथे एक सापळा आहे. कुणी तुम्हाला आधी डी-डायमर नावाची रक्ताची तपासणी करून या असं सुचवेल. ऑपरेशनची जखम भरत असताना ती तपासणी जवळजवळ नेहमीच वाढलेली येते, आणि इतका संशय असताना ती चुकून नॉर्मल आली तरी सिटी टाळता येत नाही. म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही गेले, उत्तर तेच.

गाडी येईपर्यंत पाय पाहून ठेवा. दोन्ही पाय सरळ, उघडे, शेजारी शेजारी ठेवा. गुडघ्याच्या वाटीखाली पुढे जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. एका बाजूचा घेर ३ सेंटीमीटरहून जास्त असेल, ती पोटरी गरम, ताठर लागत असेल, हलक्या हाताने स्पर्श केला तरी दुखत असेल, तर ते लिहून घ्या आणि डॉक्टरांना सांगा. ऑपरेशन झालेला पाय तसाही सुजतो, म्हणून नुसत्या सुजेवरून गोंधळ होतो. कालपेक्षा आज सूज वाढली का, हा प्रश्न जास्त कामाचा. गुठळी चांगल्या पायातही होऊ शकते, आणि दोन्ही पाय अगदी साधे दिसत असले तरी पीई असू शकतो. तेव्हा पाय बरे दिसले म्हणून बेत रद्द करू नका.

आणि चोळू नका. आपल्याकडे सुजलेला पाय दिसला की कुणीतरी तेलाची वाटी गरम करून आणतंच. ज्या पायात गुठळीचा संशय आहे त्या पोटरीला मालीश म्हणजे गुठळीला हाताने धक्का देणं.

घराघरांत आणि छोट्या दवाखान्यांत होणाऱ्या आणखी तीन गोष्टी पीईमध्ये अंगाशी येतात. पहिली, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी. ती शिरा सैल करते, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी करते, आणि अडलेला उजवा कप्पा नेमका त्याच रक्तावर तग धरून असतो. बीपी झटक्यात पडू शकतं. दुसरी, धडधड कमी व्हावी म्हणून नवीन सुरू केलेली ठोके उतरवणारी गोळी. आकडा सुंदर दिसेल, पण शरीराची भरपाई आपण काढून घेतलेली असेल. तिसरी, ‘अशक्तपणा आहे, दोन बाटल्या सलाईन लावू’. आधीच फुगलेल्या कप्प्यात घाईने पाणी भरलं तर तो आणखी फुगतो आणि डाव्या बाजूला दाबतो. इकोस्प्रिनची गोळीही या आजाराचा उपचार नाही. घरी काही देऊ नका, अर्धवट बसवून ठेवा, ऑक्सिजन मिळत असेल तर लावा.

सोबत डिस्चार्ज कार्ड घ्या, चालू गोळ्यांच्या पट्ट्या तशाच पिशवीत टाका, आणि वाटेतूनच सर्जनला फोन करा. कार्डावर बेंबीशेजारी टोचायचं रक्त पातळ करणारं इंजेक्शन, एनॉक्सापॅरिन किंवा त्याच जातीचं, किती तारखेपर्यंत दिलं ते शोधा. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशननंतर ते किंवा तशी गोळी ३५ दिवसांपर्यंत चालू ठेवण्याची शिफारस आहे, पण प्रत्यक्षात बऱ्याच वेळा घरी पाठवताना ते थांबतं. तुमच्याकडे चालू असेल तरी संशय संपत नाही, त्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही.

हॉस्पिटलात शिरताना पहिलंच वाक्य असं बोला: ‘१६ दिवसांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालंय, काल अचानक दम लागला, पडून नाडी ११० आहे, फुप्फुसात गुठळी आहे का ते बघायचंय.’ नुसतं ‘दम लागतो’ म्हणालात तर रांगेत बसाल. तिथे हिमोग्लोबिन, किडनीसाठी क्रिएटिनिन, हृदयावरच्या ताणासाठी ट्रोपोनिन अशा तपासण्या पाठवतील. सिटीत शिरेतून डाय देऊन फुप्फुसाच्या धमन्या रंगवतात. क्रिएटिनिन जास्त असेल किंवा मशीन बंद असेल तर पायांच्या शिरांची सोनोग्राफी आणि हृदयाची इको यांवरूनही पुष्कळ कळतं. बीपी पडलेल्या रुग्णाला तर सिटीकडे न नेता पलंगापाशीच इको करतात. संशय एवढा पक्का असेल आणि सिटीला उशीर होणार असेल तर रक्त पातळ करणारं हेपरिनचं इंजेक्शन रिपोर्टच्या आधीच सुरू करायचं असतं. जखमेतून रक्तस्राव होतोय का हे सर्जनशी बोलून ठरवावं लागतं, म्हणून तो फोन महत्त्वाचा.

आता मी आजच्या दिवसाचा एवढा आग्रह का धरतोय ते सांगतो. पीईला दोन तऱ्हेचे उपचार आहेत. हेपरिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत, तिला वाढू देत नाहीत आणि नवी होऊ देत नाहीत. मग शरीर स्वतःच जुनी गुठळी हळूहळू विरघळवतं. बीपी टिकून आहे तोवर बहुतेकांना हे पुरतं. बीपी कोसळलं की मात्र तेवढा वेळ उरत नाही, आणि गुठळी तातडीने विरघळवणारं जोरकस औषध द्यावं लागतं, आल्टेप्लेस किंवा टेनेक्टेप्लेस. ते औषध जखम आणि गुठळी यांत फरक करत नाही. गेल्या तीन आठवड्यांत मोठं ऑपरेशन झालेलं असेल तर ते टाळायच्या यादीत येतं, कारण मांडीच्या ताज्या जखमेत भयंकर रक्तस्राव होऊ शकतो. मग उरतात ते मार्ग म्हणजे कॅथेटर घालून गुठळी खेचून काढणं किंवा छाती उघडून ऑपरेशन, आणि हे मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणीच होतं. म्हणजे सर्वांत प्रभावी औषध तुमच्या आईंना जवळजवळ बंद आहे. साधं इंजेक्शन पुरतं तो काळ बीपी चांगलं असतानाचा, आणि तो काळ आत्ता चालू आहे.

कारण दुसरंही निघू शकतं. जखमेत आतून रक्त साचून हिमोग्लोबिन घसरलं असेल, न्यूमोनिया असेल, नाडी अनियमित होऊन एट्रियल फिब्रिलेशन झालं असेल, ईसीजीत सुरुवातीला न दिसलेला हार्ट अॅटॅक असेल. यांतलं एकही कारण शुक्रवारपर्यंत ठेवायच्या लायकीचं नाही. नुसत्या अशक्तपणाची नाडी वेगळी वागते. वॉकरने चाललं की वाढते, पण पडून राहिलं की काही मिनिटांत मूळ आकड्यावर येते, आणि दिवसागणिक थोडी थोडी उतरत जाते. आईंची नाडी काल अचानक चढली आणि रात्र उलटूनही खाली आलेली नाही.

पीई निघाला आणि बीपी टिकून असेल तर साधारण काही दिवस हॉस्पिटलात जातात. सुरुवातीला वजनाप्रमाणे इंजेक्शन, मग गोळी. एपिक्सॅबॅन असेल तर पहिले ७ दिवस १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, नंतर ५ मिलिग्रॅम दोनदा. डोस मोठ्यावरून लहानावर यायच्या दिवशी गडबड होते, कुणी गोळी बंदच करतं, कुणी मोठा डोस महिनाभर चालवतं, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर लिहा. ऑपरेशनसारखं तात्पुरतं कारण असेल तर गोळी किमान तीन महिने द्यायची आणि मग तपासून थांबवायची. या काळात कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, त्याने पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. चालणं बंद करायची गरज नसते. औषध सुरू होऊन नाडी-बीपी स्थिर झालं की डॉक्टरच वॉकर हातात देतील, आणि दिलेला बरा. तीन महिन्यांनंतरही पूर्वीसारखा दम टिकत नसेल, जिना चढताना धाप लागत असेल तर इको पुन्हा करून घ्या, कारण थोड्या रुग्णांत गुठळी पुरती न विरघळता धमनीला चिकटून राहते आणि फुप्फुसातला दाब वाढवत नेते. त्यालाही उपचार आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी होतो.